फोटोतला नंदी बोटानं उचलला, पण सेव्ह काय झालं?

तान्ह्या पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या कॉलनीत एक काम दरवर्षी कुणाच्या तरी गळ्यात पडतं. पत्रिका करायची, चौकात लावायला एक फ्लेक्स करायचा, आणि दोन्हीवर कॉलनीतल्याच एखाद्या लेकराच्या लाकडी नंदीचा फोटो टाकायचा. मागल्या वर्षी ते माझ्याकडे आलं. नंदी भाच्याचा होता. पांढरा रंग, शिंगांना लाल गोंडे, गळ्यात घुंगरांची माळ, नाकात बारीक दोरीची वेसण आणि खाली चार चाकांची पाटी. फोटो ओट्यावर काढला होता, त्यामुळे मागं चपला, कुंडी, झाडू असं सगळं आलं होतं. नंदी तेवढा वेगळा काढायचा होता.

आयफोनमध्ये हे बोटाच्या एका दाबानं होतं. फोटो उघडा, नंदीवर बोट टेकवून क्षणभर तसंच ठेवा, कडेनं उजेडाची रेघ फिरते आणि नंदी मागच्या चित्रातून सुटतो. मी तसं केलं आणि व्हॉट्सॲपवर छपाईवाल्याला पाठवून दिलं. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला, "ताई, नंदीच्या मागं पांढरा डब्बा येऊन राहिला. अन् मी तो काढाले गेलो तर बैलाचं पोटच उडून राहिलं."

पोट उडालं कारण नंदीही पांढरा होता. त्याच्याकडचं पांढरं पुसायचं साधन पांढरा डबा आणि पांढरा बैल यांत फरक करू शकत नव्हतं. माझ्या फोनवर तर डबा नव्हताच, मग तो आला कुठून? त्याचं उत्तर शोधताना कळलं की नंदी उचलणं हा या कामातला सोपा भाग आहे. उचलल्यावर तो कुठे ठेवला जातो, कोणत्या रूपात ठेवला जातो आणि पुढच्या माणसापर्यंत कोणत्या वाटेनं जातो, याच्यावर सगळं ठरतं. म्हणून हा लेख उचलण्यापेक्षा सेव्ह होण्याबद्दल जास्त आहे.

कोणत्या फोनवर चालतं

आयफोनवर ही सोय आयओएस 16 पासून, म्हणजे सप्टेंबर 2022 पासून आहे. फोन 2018 मधला एक्सएस किंवा एक्सआर, किंवा त्यानंतरचा हवा. त्याच्याआधीच्या आयफोन 8 आणि आयफोन टेनला आयओएस 16 मिळालं, पण ही सोय मिळाली नाही, कारण वस्तूची कड ओळखण्याचं काम फोनच्या आतच होतं आणि त्याला ए12 किंवा पुढची चिप लागते. सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर 2023 पासून, वन यूआय 5.1 आल्यापासून, गॅलरीत असंच बोट दाबून वस्तू उचलता येते. मी आयफोनवर केलं, म्हणून पायऱ्या त्याच्या सांगते. सॅमसंगचा वेगळेपणा पुढे एका ठिकाणी येईल.

उचलण्याआधी फोटो

घाई असेल तर हा भाग सोडून पुढे जावंसं वाटेल, पण सोडू नका. आयफोनमध्ये उचललेल्या वस्तूची कड नंतर खोडरबरानं किंवा ब्रशनं दुरुस्त करायची सोयच नाही. फोननं जी कड धरली ती धरली. ती आवडली नाही तर दुसरा फोटो काढायचा, एवढाच खरा उपाय असतो.

फोन करतो काय, तर फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याबद्दल ठरवतो की हा वस्तूचा आहे की मागचा. वस्तू आणि मागची बाजू यांच्या रंगात आणि उजेडात फरक असेल तर हे सोपं जातं. आमच्या ओट्यावरच्या फोटोत नंदीचा पांढरा पाय आणि मागच्या कुंडीची पांढरी कड जवळजवळ एकाच रंगाची होती, आणि फोननं कुंडीचा एक तुकडाही पायाला चिकटवून दिला. पांढऱ्या चादरीवर पांढरा नंदी ठेवला असता तर आणखी वाईट झालं असतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नंदी एका स्टुलावर ठेवला आणि त्याच्या मागं दोन-अडीच फुटांवर करड्या रंगाची जुनी शाल टांगली. अंतर ठेवायचं कारण आहे. कापड अगदी चिकटून असलं की त्याच्या रंगाचा उजेड वस्तूच्या कडेवर पडतो. हिरवं कापड असेल तर पांढऱ्या पोटाच्या खालच्या बाजूला हिरवट झाक येते, आणि ती झाक नंदीबरोबर उचललीही जाते. फिक्या कागदावर ती लपते, पण दुसऱ्या रंगावर ठेवलं की लगेच दिसते. करडा रंग यात सगळ्यात कमी त्रास देतो. उजेड खिडकीतून, एका बाजूनं येऊ दिला. फ्लॅश मारला नाही, कारण फ्लॅशनं चाकांच्या लोखंडावर पांढरे डाग पडतात.

कॅमेरा नंदीच्या पोटाच्या उंचीवर आणा, वरून काढू नका. वरून काढलं की चारही पाय एकमेकांवर येतात आणि त्यांच्यामधल्या फटी बंद होतात. बाजूनं, पोटाच्या उंचीवरून काढलं की पायांमधून मागची शाल स्पष्ट दिसते आणि फोनला त्या फटी ओळखता येतात. पोटाखालची मोकळी जागा ही या सोयीची नेहमीची चुकण्याची जागा आहे, म्हणून ती मोठी आणि स्वच्छ दिसेल असाच कोन धरा.

नंदी फोटोची निम्मी रुंदी तरी व्यापेल एवढं जवळ जा. हे का, ते छपाईच्या हिशोबात येईल.

उचलणं

फोटो आयफोनच्या फोटो ॲपमध्ये पूर्ण स्क्रीनवर उघडा. नंदीच्या अंगावर, मोकळ्या पांढऱ्या भागावर बोट टेकवा आणि हलवू नका. कडेनं उजेडाची रेघ फिरली की बोट उचला, म्हणजे वर एक छोटी यादी येते. त्यात `Copy` असतं, `Share` असतं, आणि आयओएस 17 पासून `Add Sticker` असतं.

बोट कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. भाच्यानं नंदीच्या पाटीवर रंगानं साल लिहिलं होतं. माझं बोट तिथं पडलं तर फोनला वाटायचं मला अक्षरं निवडायची आहेत, आणि नंदी उचलला जायच्या ऐवजी ते आकडेच निळे व्हायचे. असं झालं तर बाजूला एकदा टॅप करून निवड सोडा आणि अक्षरांपासून दूर दाबा.

काहीच झालं नाही, रेघच फिरली नाही, तर बहुतेक वेळा फोनला फोटोत ठळक वस्तू सापडलेली नसते. फोटोची एक प्रत करून ती नंदीभोवती क्रॉप करा आणि मग दाबा. दोन नंदी एकमेकांना खेटून असले आणि दोन्ही एकत्रच उचलले जात असले, तरी हाच उपाय करा. प्रतीवर करा, म्हणजे मूळ फोटो तसाच राहील. उचलण्यानं मूळ फोटोला मुळीच धक्का लागत नाही, तो चपला-कुंडीसकट जिथे होता तिथेच राहतो. उचललेला नंदी हे नवीन, वेगळं चित्र असतं.

यादी उघडलेली असतानाच कड नीट बघून घ्या. मी तीन जागा बघते. पहिली पोटाखालची फट: तिथं शालेचा करडा तुकडा अडकला आहे का? दुसरी शिंगांची टोकं. तिसरी वेसणीची दोरी. पहिल्या फोटोत माझी दोरी अर्धीच आली, नाकापासून निघाली आणि मध्येच हवेत संपली. दोरी, केस, घुंगरांच्या माळेचा लोंबता धागा यांसारख्या अगदी बारीक गोष्टी फोनच्या हातून सुटतात, कारण त्याची रेघ त्यांच्या रुंदीपेक्षा जाड पडते. यावर मी केलेला उपाय साधा होता. फोटोपुरती दोरी काढली आणि तिच्या जागी जरा जाड लाल सुताची वेसण बांधली. ती पूर्ण आली.

तीन वाटा, तीन वेगळ्या गोष्टी सेव्ह होतात

यादीतले तीन शब्द दिसायला सारखेच वाटतात, पण प्रत्येकातून वेगळी गोष्ट तयार होते, आणि ती वेगळ्या ठिकाणी जाते.

`Copy` दाबलं तर काहीच सेव्ह होत नाही. नंदी फोनच्या तात्पुरत्या आठवणीत जातो, जसा आपण एखादा मजकूर कॉपी करतो तसा. पुढच्या ॲपमध्ये जाऊन पेस्ट करेपर्यंत तो तिथं असतो. मधे तुम्ही एखादा ओटीपी किंवा पत्ता कॉपी केला तर नंदी गेला. मला हे असंच कळलं. नंदी कॉपी केला, छपाईवाल्याचा पत्ता कुणाला तरी पाठवायला कॉपी केला, मग पेस्ट केलं तर पत्ता आला. `Copy` लगेच दुसरीकडे चिकटवायचं असेल तेव्हाच वापरा.

`Add Sticker` दाबलं तर नंदी स्टिकरांच्या साठ्यात जातो, जो कीबोर्डमधून उघडतो. तो फोटोंच्या संग्रहात दिसणार नाही, म्हणून "सेव्ह केलं पण सापडत नाही" असं वाटतं. तिथं त्याला पांढरी किनार, चकचकीत किंवा फुगीर असे प्रकार देता येतात. लाइव्ह फोटोतून उचलला तर हलणारा स्टिकरही होतो. कॉलनीच्या ग्रुपवर गंमत म्हणून पाठवायला हे छान आहे, छपाईला नाही. व्हॉट्सॲपचा स्टिकर तर 512 बाय 512 ठिपक्यांचाच असतो. एवढे ठिपके पत्रिकेवर दीड-पावणेदोन इंचाच्या पुढं नीट छापले जात नाहीत.

`Share` ही छपाईच्या कामाची वाट. ती दाबल्यावर खालच्या यादीत `Save Image` निवडलं तर नंदी फोटोंच्या संग्रहात नवीन चित्र म्हणून जातो. `Save to Files` निवडलं तर फाइल्स ॲपमध्ये, तुम्ही सांगाल त्या फोल्डरमध्ये फाइल म्हणून जातो. मी दुसरी निवडते, कारण फाइल म्हणून पाठवायची झाली की ती तिथून सरळ उचलता येते.

सॅमसंगवर बोट दाबून उचलल्यावर कॉपी, शेअर आणि `Save as image` असं येतं. यातलं तिसरं दाबलं तरच चित्र गॅलरीत राहतं. कॉपीचं तेच, जे आयफोनवर आहे.

फाइल्स ॲपमध्ये आणखी एक वाट आहे, आणि चार-पाच लेकरांचे नंदी एकदम करायचे असतील तर तीच बरी. आधी फोटो फाइल्समध्ये ठेवा, त्यावर बोट दाबून धरा, `Quick Actions` मध्ये `Remove Background` दाबा. शेजारी मागची बाजू नसलेली नवीन पीएनजी फाइल तयार होते. इथं कोणती वस्तू घ्यायची हे तुम्हाला निवडता येत नाही, फोनला पुढे जे दिसतं ते सगळं तो घेतो. म्हणून फोटोत एकच नंदी असेल तेव्हा हे वापरा.

मागची बाजू म्हणजे नेमकं काय गेलं

आता तो पांढरा डबा. साध्या फोटोत प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात, लाल, हिरवा आणि निळा किती. उचललेल्या नंदीच्या चित्रात चौथा आकडाही असतो, तो ठिपका किती पारदर्शक आहे हे सांगणारा. नंदीच्या पोटावर तो ठिपका पूर्ण भरीव, चित्राच्या कोपऱ्यात पूर्ण पारदर्शक, आणि शिंगाच्या कडेवर अधलामधला. त्या अधल्यामधल्या ठिपक्यांमुळेच कड कात्रीनं कापल्यासारखी टोकदार न दिसता मऊ दिसते.

चित्र आकारानं मात्र चौकोनीच असतं. नंदीच्या शेपटीपासून नाकापर्यंत आणि शिंगापासून चाकापर्यंतचा चौकोन, आणि त्यातली रिकामी जागा पारदर्शक. गॅलरीत बघताना ती कधी पांढरी दिसते, कधी काळी. तो रंग चित्रात नसतो, गॅलरीच्या पडद्याचा असतो.

हा चौथा आकडा पीएनजी फाइलमध्ये राहतो. आयफोनच्या हेइक, म्हणजे `HEIF` प्रकारच्या फाइलमध्येही राहू शकतो. जेपीजीमध्ये मात्र त्याला जागाच नाही. चित्र जेपीजी झालं की पारदर्शक ठिपक्यांना काहीतरी रंग द्यावाच लागतो, आणि तो बहुतेक पांढरा किंवा काळा दिला जातो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ॲप त्याची लहान जेपीजी करतं. माझा पांढरा डबा तिथं तयार झाला होता. छपाईवाल्याचं काही चुकलं नव्हतं, त्याला मिळालेल्या फाइलमध्ये पारदर्शकपणा आलाच नव्हता. आणि एकदा तो गेला की फाइल पुन्हा पीएनजी करूनही परत येत नाही. नाव बदलतं, पांढरं तसंच राहतं.

पाठवण्याआधी तपासणं

दोन गोष्टी तपासायच्या: चित्र कोणत्या प्रकारचं आहे, आणि खरंच पारदर्शक आहे का.

प्रकार बघायला फोटो ॲपमध्ये चित्र उघडून वर सरकवा किंवा खालचं `i` चिन्ह दाबा. तिथं `PNG`, `HEIF` किंवा `JPEG` असं लिहिलेलं असतं, त्याच्याजवळच ठिपक्यांची लांबी-रुंदीही असते. फाइल्समध्ये असेल तर फाइलवर बोट दाबून `Get Info`. `PNG` असेल तर पुढं चला. `HEIF` असेल तर पारदर्शकपणा असला तरी छपाईच्या दुकानातल्या बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरवर ती उघडत नाही. तेव्हा फाइल्समध्ये बोट दाबून `Quick Actions` मधलं `Convert Image` घ्या, पीएनजी निवडा आणि आकार विचारला तर मूळ आकारच ठेवा. घाईत जेपीजीवर बोट पडू देऊ नका.

पारदर्शकपणा बघायला मी कीनोटमध्ये एक रिकामी स्लाइड घेते, तिला गडद निळा रंग देते आणि नंदी त्यावर टाकते. निळं नंदीच्या पायांमधून दिसलं पाहिजे. मग स्लाइडचा रंग पिवळा करते. दोन रंग मुद्दाम घेते, कारण गडदवर पांढरी कड उघडी पडते आणि फिक्यावर काळपट. माझ्या ओट्यावरच्या पहिल्या फोटोतला नंदी पिवळ्यावर बरा दिसत होता, पण निळ्यावर ठेवताच त्याच्या पाठीवरून एक लालसर रेघ दिसली. ओट्याची लाल फरशी. शाल टांगून काढलेल्या फोटोत ती नव्हती.

ठिपके पुरतात का

माझ्या आयफोनचा नेहमीचा फोटो 12 मेगापिक्सेलचा, म्हणजे 4032 बाय 3024 ठिपक्यांचा. त्यातून नंदी उचलल्यावर उरतात फक्त नंदीच्या चौकोनाचे ठिपके. माझ्या स्टुलावरच्या फोटोत नंदी निम्म्याहून थोडा जास्त रुंद होता, आणि उचललेल्या चित्राची रुंदी साधारण 2100 ठिपके आली.

पत्रिकेवर नंदी चार इंच रुंद हवा होता. कागदावरच्या चांगल्या छपाईला इंचाला 300 ठिपके धरतात, म्हणजे 1200 पुरेत. 2100 भरपूर होते. फ्लेक्सवर तोच नंदी दोन फूट, म्हणजे 24 इंच रुंद हवा होता. 2100 भागिले 24 केलं की इंचाला 87 ठिपके येतात. फ्लेक्स रस्त्यावरून दहा-पंधरा फुटांवरून बघतात, त्याला एवढे चालतात. हाच नंदी स्टिकर म्हणून 512 ठिपक्यांचा गेला असता तर इंचाला 21 ठिपके पडले असते, आणि चौकातून घुंगरांच्या जागी चौकोन दिसले असते.

यातून आणखी एक गोष्ट निघते. शेजारच्या काकूंनी त्यांच्या नातवाच्या नंदीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता. व्हॉट्सॲपवरून साधा आलेला फोटो लांबीच्या बाजूला साधारण 1600 ठिपक्यांचा असतो. त्यात नंदी निम्मा असेल तर हातात 800 ठिपके उरतात. पत्रिकेपुरतं अडीच इंचांवर भागलं असतं, फ्लेक्सला मुळीच नाही. त्यांच्याच फोनवर, मूळ फोटोवरून नंदी उचलून घेतला आणि फाइल म्हणून मागवली. उचलण्याचं काम नेहमी मूळ फोटोवर करावं, आलेल्या फोटोवर नाही.

पाठवणं

व्हॉट्सॲपमध्ये चित्र निवडताना गॅलरीचं चिन्ह न दाबता `Document` दाबा, तिथून फाइल्स ॲपमध्ये जाऊन पीएनजी निवडा. पाठवताना वर चित्राची झलक न येता फाइलचं नाव आणि प्रकार दिसला म्हणजे वाट बरोबर आहे. मेलनं पाठवत असाल आणि आयफोननं आकार विचारला तर `Actual Size` घ्या. दुकान जवळ असेल तर पेन ड्राइव्हही चालतो. मुख्य गोष्ट एवढीच की मधल्या कोणत्याही ॲपनं तिचा फोटो करायला नको.

फाइल पाठवल्यावर मी छपाईवाल्याला फोन करून एकच विचारलं, "भाऊ, तुमच्या कॉम्प्युटरवर एक रंगीत चौकोन काढा अन् नंदी त्याच्यावर ठेवा. मागचा रंग पायातून दिसते का?" त्यानं कोरलमध्ये ठेवला. "दिसून राहिला न ताई. आता डब्बा नाही."

मग त्यानं एक गोष्ट दाखवली जी माझ्या लक्षातच आली नव्हती. नंदी पिवळ्या पट्टीवर ठेवलेला होता, पण हवेत तरंगल्यासारखा दिसत होता. उचलताना फोन वस्तू घेतो, तिची सावली मागंच ठेवतो. स्टुलावर चाकांखाली जी गडद सावली होती ती शालेबरोबर गेली. त्यानं चाकांखाली एक चपटा, धुरकट, काळसर लंबगोल काढला, बाजूच्या खिडकीचा उजेड डावीकडून होता म्हणून तो थोडा उजवीकडे सरकवला, आणि नंदी जमिनीवर टेकला. हे घरी करायचं असेल तर कीनोटमध्येही चित्रावर टॅप करून सावली लावता येते. फक्त उजेड कोणत्या बाजूनं होता ते लक्षात ठेवा. आमच्या नंदीच्या डाव्या शिंगावर चमक होती, सावली डावीकडे पडली असती तर लेकरालाही खटकलं असतं.

उचललेली पीएनजी मी 'तान्हा पोळा' नावाच्या फोल्डरमध्ये तशीच ठेवली आहे, आणि मूळ फोटोही. पीएनजीतून शाल आणि स्टूल परत आणता येणार नाहीत, कारण त्या ठिपक्यांची माहिती त्यात नाहीच. कधी नंदी मोठा, थोडा वेगळा, किंवा पाटीशिवाय उचलावासा वाटला तर मूळ फोटोच लागेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भाचा नंदी घेऊन बोजारा मागायला चौकातून निघाला, फ्लेक्सखाली थांबला आणि आपल्या हातातल्या दोरीकडे बघत म्हणाला, "मावशी, वरच्या नंदीले लाल दोरी काऊन हाय?"